गोल्डन रेशो, ग्रिड आणि चादरीची किनार

प्रश्न : मी सोलापुरात एका चादर-टॉवेल कारखान्याचं कॅटलॉग करतोय. गोल्डन रेशो आणि मॉड्युलर ग्रिड वापरलं की डिझाइनचं प्रमाण खरंच सुधारतं का, की ते नुसतं दाखवायला असतं? दोन्ही एकदम वापरायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर :

गोल्डन रेशोनं प्रमाण सुधारतं याचा भरवशाचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. ग्रिडनं सुधारतं, पण ते मजकूर आणि वस्तूंच्या मापातून काढलेलं असेल तरच. आणि दोन्ही एकदम वापरायला गेलात तर ती एकमेकांशी भांडतात. का भांडतात ते खाली सांगतोच. मीही असंच एक कॅटलॉग केलं होतं, आणि पहिल्या खेपेला चांगलाच तोंडावर पडलो होतो. तिथूनच सुरुवात करतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना, ए-फोर आकाराचं बत्तीस पानी कॅटलॉग. तेव्हा मी नुकताच गोल्डन रेशोच्या, म्हणजे १.६१८ च्या प्रेमात पडलो होतो. पानाची उंची २९७ मिलिमीटर, तिला १.६१८ नं भागलं, वर १८३.५ चा फोटो आणि खाली ११३.५ मध्ये मजकूर. प्रत्येक पान तसंच. स्क्रीनवर सुरेख दिसत होतं. मालकांना प्रूफ दाखवलं, त्यांनी चार पानं उलटली आणि विचारलं, "सर, नक्षी झकास आली. पण किनार कुठं गेली?"

त्यांचं बरोबर होतं. सिंगल चादर ६० बाय ९० इंच, म्हणजे रुंदीच्या दीडपट लांब. माझी चौकट २१० रुंद आणि १८३.५ उंच. चादरीनं ती रुंदी भरायची तर उंची ३१५ लागते. म्हणजे मी प्रत्येक चादरीची ४० टक्क्यांहून जास्त लांबी कापून टाकली होती, आणि दोन्ही टोकांच्या किनारी त्यातच गेल्या होत्या. इथला व्यापारी घडी उलगडली की आधी किनार बघतो, मग पोत चाचपतो. मी पानाचं प्रमाण सांभाळत बसलो आणि मालाचं घालवलं.

आता त्या आकड्याबद्दल. युक्लिडनं गोल्डन रेशोची विभागणी भूमितीची गोष्ट म्हणून सांगितली, सौंदर्याचा नियम म्हणून नाही. ती निसर्गात आणि माणसाच्या शरीरात सगळीकडे आहे हा दावा जोरात आला तो एकोणिसाव्या शतकात, जर्मनीत त्साइसिंगनं १८५४ मध्ये मांडल्यावर. पुढं मानसशास्त्रज्ञ फेश्नरनं १८७६ मध्ये लोकांसमोर दहा आयत ठेवून आवडता निवडायला सांगितलं, आणि साधारण ३५ टक्के लोकांनी २१:३४ चा, म्हणजे जवळजवळ सोनेरी आयत निवडला. आजही हाच प्रयोग पुढे केला जातो. पण त्या दहांत एका टोकाला चौरस होता आणि दुसऱ्या टोकाला अडीचपट लांब पट्टी. सोनेरी आयत मधल्या भागात येत होता. १९७४ मध्ये गॉडकेविचनं समोर ठेवायच्या आयतांचा पल्ला बदलून पाहिला, तर पसंतीही त्याबरोबर सरकली. लोक बहुतेक वेळा टोकं टाळतात, एवढंच त्यातून हाती लागतं.

हे घरबसल्या तपासता येतं. एकच पान तीन प्रमाणांत करा : १.५, १.६१८ आणि १.७. नावं न लिहिता छापा, भिंतीला लावा आणि दहा पावलांवरून कुणालाही विचारा. मी हे प्रेसमधल्या पोरांवर, माझ्या बायकोवर आणि चहावाल्यावरही केलंय. "हा जरा लांबुळका" यापलीकडे कुणी जात नाही. १०० मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत १.६ आणि १.६१८ यांत फरक पडतो १.८ मिलिमीटरचा. त्यातला एखादा मिलिमीटर तर कटिंग मशीनवरच इकडंतिकडं होतो.

तरी त्या आकड्यात एक खरा गुण आहे. त्याची माळ केली, म्हणजे प्रत्येक माप आधीच्याच्या १.६१८ पट ठेवलं, तर शेजारच्या दोन मापांची बेरीज पुढचं माप देते. वास्तुकार कोर्बुझिएनं 'मोड्युलॉर' या आपल्या मापपद्धतीत हेच वापरलं : ४३ आणि ७० मिळून ११३, ७० आणि ११३ मिळून १८३, सगळं सेंटिमीटरमध्ये. चंदीगडच्या इमारतींत ही मापं आहेत. फळ्या किंवा काचा एकमेकींना चिकटून बसवायच्या असतील तर ही माळ कामाची. कॅटलॉगमध्ये मात्र दोन चौकटींच्या मध्ये मोकळी पट्टी असते, ज्याला आपण गटर म्हणतो. गटर आलं की बेरीज बिघडते.

इथं आपल्या गावातलं एक उदाहरण घेतो, कारण ग्रिड म्हणजे काय ते मला कॉलेजमध्ये नाही, जॅकार्ड मागाच्या नक्षीचा ग्राफ काढणाऱ्या एका म्हाताऱ्या डिझायनरकडून कळलं. त्यांच्या ग्राफवर उभी ओळ म्हणजे ताण्याची तार आणि आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा, म्हणजे पिक. समजा कापडात इंचाला ४० तारा आणि ३२ पिक आहेत. तुम्ही साध्या चौरस ग्राफवर १०० घरं रुंद आणि १०० घरं उंच असं गोल फूल काढलंत, तर कापडावर ते अडीच इंच रुंद आणि सव्वातीन इंचाला थोडं कमी उंच येणार. फूल कसलं, अंडंच ते! गोल हवं असेल तर १०० घरांच्या रुंदीला ८०च घरं उंची द्यायची. ग्राफची घरं कागदावर चौरस दिसली तरी मागावर ती चौरस नसतात. वर कापड धुतल्यावर आटतं ते वेगळंच. लांबी पाच टक्के गेली तर १.६१८ चं १.५४ होतं, आणि घरातल्या कुणालाही त्याचा पत्ता लागत नाही.

त्या म्हाताऱ्यांचा प्रश्न ठरलेला असायचा : "घर केवढ्याला?" म्हणजे एक घर पुढं सरकलं की प्रत्यक्षात किती सरकतं. तुम्हीही ग्रिड आखताना आधी हेच विचारा. नुसती चौकट केवढी हे पुरत नाही, चौकट आणि तिच्या पुढचं गटर मिळून पाऊल केवढं हे महत्त्वाचं.

आता दुसऱ्या आवृत्तीचं ग्रिड कसं काढलं ते सांगतो. या वेळी पान बाजूला ठेवून मालाची यादी घेतली. तीन प्रमाणं निघाली : सिंगल चादर ६० बाय ९०, म्हणजे दीडपट. डबल चादर ९० बाय १००, म्हणजे जवळजवळ चौरस. टॉवेल ३० बाय ६०, म्हणजे दुप्पट. निम्म्याहून जास्त माल सिंगल चादरींचा होता, म्हणून दीडपट हे मुख्य प्रमाण धरलं.

मग मजकुराची ओळ. दहा पॉइंटच्या मराठीला ओळीचं अंतर बारा ठेवलंत तर वरच्या ओळीतला "सुती" मधला उकार आणि खालच्या ओळीतली "वर्षी" मधली वेलांटी-रफार एकमेकांना भिडतात. इंग्रजीसाठी बनवलेली तयार ग्रिडं आणून वापरली की पहिला मार इथंच बसतो. मी ओळ ५ मिलिमीटरची धरली, म्हणजे १४ पॉइंटच्या किंचित वर. लीडिंगच्या, म्हणजे ओळीच्या अंतराच्या खान्यात सॉफ्टवेअर मिलिमीटरही घेतं, त्यामुळं पुढचा सगळा हिशोब एकाच मापात होतो.

वर-खाली १६ मिलिमीटर समास सोडले की २६५ उरतात, म्हणजे ५३ ओळी. आठ ओळींचा एक खण आणि मध्ये एक ओळ मोकळी, असे सहा खण बरोब्बर बसतात. आडवं पाहिलं तर सहा कॉलम २५ चे आणि त्यांच्यामध्ये ५ चं गटर, एकूण १७५. उरलेल्या ३५ पैकी २० बाहेरच्या बाजूला, १५ बांधणीकडे. त्यामुळं पाऊल झालं आडवं ३० आणि उभं ४५. हे दीडपट मुद्दाम जुळवलं, कारण माल दीडपट होता.

आता गंमत बघा. एक खण २५ बाय ४०, म्हणजे १.६. गोल्डन रेशोला अगदी खेटून! मालकांना तसं सांगितलं असतं तर कौतुकच झालं असतं. पण खण जोडत गेलं की काय होतं? दोन बाय दोन जोडले की ५५ बाय ८५, म्हणजे १.५५. तीन बाय तीन जोडले की ८५ बाय १३०, म्हणजे १.५३. सगळे जोडले की १.५१. चौकट मोठी होते तसं प्रमाण पावलाकडं, म्हणजे १.५ कडं सरकतं, कारण गटर खणाच्या प्रमाणात नाही, उभं-आडवं दोन्हीकडं पाचच आहे. सुटा खण सोनेरी ठेवून पान सोनेरी होत नाही. ते टिकवायचं तर उभं गटरही आडव्याच्या १.६१८ पट, म्हणजे ८.०९ मिलिमीटर लागेल, आणि उभं पाऊल ४८.५४. पाच मिलिमीटरच्या ओळीत यातलं काहीच बसत नाही. ग्रिड पूर्ण ओळी मोजून बनतं आणि गोल्डन रेशो हा कुठल्याच दोन पूर्ण संख्यांचा भागाकार नाही. म्हणूनच वर म्हटलं की दोघं भांडतात. त्यावर काहीजण ५:८ घेऊन वेळ मारून नेतात, मीही नेली असती.

पण मला आणखी एक अडचण दिसत होती. छापून पाहिलं तर फोटो आणि शेजारचा मजकूर एका रेषेत वाटेनात. मोजायला गेलं तर गाईड बरोबर. दोन दिवस तिथंच अडकलो. शेवटी लक्षात आलं की सॉफ्टवेअर ओळ खालच्या रेषेवर बसवतं आणि आपला डोळा मराठी वाचतो शिरोरेषेवरून. फोटोची वरची कड खणाच्या माथ्याला होती, पण पहिल्या ओळीची शिरोरेषा, त्या टाइपात, त्याच्या सुमारे अडीच मिलिमीटर खाली येत होती. फोटो सगळीकडे थोडा वर उडालेला दिसायचा.

उपाय सोपा. प्रत्येक खणाच्या माथ्यापासून २.५ खाली एक गाईड टाकलं आणि फोटोंच्या सगळ्या चौकटी वरून तेवढ्या कमी केल्या. वेलांट्या आणि मात्रा त्या रेषेच्या वर जाऊ दिल्या. आता फोटोची वरची कड शिरोरेषेला आणि खालची कड शेवटच्या अक्षरांच्या पायाला. पान एकदम शांत झालं.

आणि मग आकडे पाहिले. सिंगल चादरीची तीन बाय तीनची चौकट ८५ बाय १२७.५ झाली होती. बरोब्बर दीडपट, किनारीसकट चादर बसते, एक मिलिमीटरही कापावी लागत नाही. डबलसाठी चार कॉलम आणि तीन खण : ११५ बाय १२७.५, म्हणजे १.१०९, आणि डबल चादर १.१११. टॉवेलसाठी तीन कॉलम, चार खण : ८५ बाय १७२.५, दुपटीला जरा जास्त, दोन्ही बाजूंनी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची छाट. उभं गटर फोटोंपुरतं साडेसात झालं होतं आणि आडवं पाचच, म्हणजे तेही दीडपट. चौकट, गटर आणि पाऊल तिन्ही एकाच प्रमाणात आल्यावर, उभे-आडवे सारखेच खण कितीही जोडा, प्रमाण हलत नाही. हा हिशोब मी आधी केला होता असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे मी शिरोरेषा सरळ करत होतो आणि तो आपोआप जुळला. आता मात्र सुरुवातच त्यापासून करतो : मालाचं मुख्य प्रमाण घ्यायचं आणि गटर त्याच प्रमाणात ठेवून मग खण आखायचे.

तुमचं काम वेगळ्या टाइपात असेल तर माझं अडीच मिलिमीटर उचलू नका. दहा पॉइंटचा प्रत्येक मराठी टाइप सारख्या उंचीचा नसतो. एक ओळ मोठी करून छापा आणि शिरोरेषा पट्टीनं मोजा. आणि कारखान्याला तेलुगू मजकूरही हवा असेल, सोलापुरात तो बरेचदा हवा असतो, तर तिथं शिरोरेषाच नाही आणि अक्षराखाली जोडाक्षराचं रूप लटकतं. पाच मिलिमीटरची ओळ त्याला तंग पडते. अशा वेळी अक्षर अर्धा-एक पॉइंट लहान करावं लागतं. ओळ बदलली की सगळे खण बदलतात, त्यामुळं हे पहिल्या दिवशीच ठरवा.

ग्रिड कुठं फसतं तेही सांगतो. माझा दुसरा घोटाळा या ग्रिडवरच झाला. सगळं इतकं नेटकं बसत होतं की मी प्रत्येक पानावर सहा-सहा सारख्या चौकटी मांडत गेलो. पहिल्या दहा पानांचा बुद्धिबळाचा पट झाला. एकही चादर पुढं येईना. जुळणी बिनचूक होती, पण प्रमाण असं काही नव्हतंच, कारण प्रमाण दिसायला दोन वेगळी मापं शेजारी लागतात. मग समोरासमोरच्या दोन पानांत एकच मोठा फोटो, ११५ बाय १२७.५ किंवा त्याहून मोठा, आणि बाकीचे ५५ बाय ८२.५ च्या वर नाहीत, असं बंधन घातलं. मोठ्याचं क्षेत्रफळ लहानाच्या तिपटीहून थोडं जास्त भरतं. दीडपट ठेवून पाहिलं होतं, तर मोठा फोटो मोठा न वाटता चुकून वाढल्यासारखा वाटायचा.

गोल्डन रेशोचा जो थोडा फायदा लोकांना जाणवतो तो मला वाटतं हाच आहे. पान मधोमध तोडण्याऐवजी कमीजास्त तोडलं जातं, आणि एक भाग दुसऱ्यापेक्षा ठळकपणे मोठा होतो. ते ३:५ नं होतं, २:३ नंही होतं. त्यासाठी शंखाची वेटोळी पानावर चढवायची गरज नाही. तशी वेटोळी तर कुठल्याही फोटोवर फिरवून-फिरवून कशाला ना कशाला टेकवता येते.

ग्रिड चालतंय का हे ओळखायची माझी एक खूण आहे. पानं जुळवून गठ्ठा करा आणि अंगठ्यानं भराभर सोडा. वस्तूचं नाव, माप आणि फोटोची वरची कड जागच्या जागी राहिली पाहिजे आणि मोठे फोटो मात्र इकडंतिकडं उड्या मारताना दिसले पाहिजेत. नावंच उड्या मारत असतील तर ग्रिड पाळलेलं नाही. काहीच उड्या मारत नसेल तर माझ्यासारखा पट झालाय.

एका पानावर मात्र मी हे सगळं गुंडाळून ठेवलं, ते म्हणजे दरपत्रक. पंचवीसच्या कॉलममध्ये "डबल बेड जॅकार्ड चादर, दोन उशांच्या अभ्र्यांसह" मावत नव्हतं आणि शेजारी तीन आकडी भाव मोकळ्या जागेत एकटाच पडायचा. डोळा नावावरून भावाकडं जाताना ओळ चुकायचा. तिथं फक्त पाच मिलिमीटरची ओळ कायम ठेवली, नावाला ८०, मापाला ३०, नगाला २०, भावाला ३० असे कॉलम गरजेपुरते आखले आणि भाव उजवीकडून लावले. बाहेरच्या बाजूला १७५ पैकी १५ मिलिमीटर रुंदी उरली, ती तशीच मोकळी सोडली. मालकांनी प्रूफ पाहिलं, खिशातलं पेन काढलं आणि त्या मोकळ्या जागेत घाऊक भाव हातानं लिहून काढले. छापील प्रतींतही ती जागा मी तशीच ठेवली.